हात हलत नव्हते तेव्हा मी काय म्हणत होते

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी स्ट्रेचरवर आडवी होते आणि माझ्या चपला नवऱ्याच्या, महेशच्या, हातात होत्या.

"गियान-बारे सिंड्रोम," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. महेशला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. मग सोपं करून म्हणाले, "आपल्या शरीराची जी रोगाशी लढणारी यंत्रणा असते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. वायरवरचं प्लॅस्टिक सोललं की करंट नीट जात नाही, तसं. मेंदू ठीक आहे, स्नायू ठीक आहेत, मधली वायर खराब झाली आहे."

मी विचारलं, "बरी होईन ना?"

"बहुतेक जण बरे होतात. पण आधी अजून वाढेल. किती वाढेल आणि कुठे थांबेल, हे आज सांगता येत नाही."

हे मी लिहितेय ते, माझ्यासारखं ज्यांना किंवा ज्यांच्या माणसाला अचानक असं आडवं व्हावं लागेल, त्यांच्यासाठी. त्या दिवशी डॉक्टरांनी एवढं सगळं सांगितलं होतं. त्यातलं 'बहुतेक जण बरे होतात' हे माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. 'अजून वाढेल' तेवढं पोचलं. असं का झालं, ते कळायला मला बरेच दिवस लागले.

माझं नाव वंदना. वय बेचाळीस. पनवेलला तलावाच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. महेश तळोज्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. घरी सासूबाई आणि नववीतली मुलगी, तन्वी.

सोमवारी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मंगळवारी दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागली. बुधवारी हुक लावता लावता सुई हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "वाढलं तर थांबू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा." गुरुवारी सकाळी मी पाटावरून उठूच शकले नाही. सासूबाईंनी काखेत हात घालून ओढलं तर आम्ही दोघीही खाली बसलो.

पंधरा दिवसांपूर्वी मला जुलाब झाले होते. पोटातल्या एखाद्या जंतूनंतर फार थोड्या लोकांना हा आजार होतो, असं हॉस्पिटलात कळलं. झालं, मला कारण सापडलं! बाहेरची पाणीपुरी मी खाल्ली, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं. माझ्यासोबत मैत्रिणीनेही त्याच ताटातली खाल्ली होती आणि ती ठणठणीत होती, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन स्टडी म्हणजे नसांना बारीक झटके देऊन वेग मोजणं. लंबर पंक्चर म्हणजे कण्यातून सुईने पाणी काढणं. या आजारात त्यात प्रोटीन वाढलेलं असतं. ऐकायला भीती वाटते, पण दुखतं ते सोसण्याइतकं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी लोकांच्या रक्तातून घेतलेलं हे औषध पाच दिवस सलाईनसारखं चढवतात.

आयसीयूत सिस्टर दर दोन तासांनी येऊन सांगायच्या, "एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." छातीचे स्नायू किती टिकून आहेत, ते असं पाहतात. पहिल्या दिवशी मी एकतिसापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चोविसावर दम संपला. तिसऱ्या दिवशी अठरा. व्हेंटिलेटरचं मशीन माझ्या पलंगाशेजारी आणून ठेवलेलं मला दिसत होतं. हात उशीवरून उचलत नव्हते. डोळे पूर्ण मिटत नव्हते, म्हणून झोपताना पापण्यांवर पट्टी लावायचे. नाकावर माशी बसली तर कुणीतरी येईपर्यंत ती तिथेच.

चौथ्या दिवशीही अठरा. पाचव्या दिवशी एकोणीस.

"थांबलं बघा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता.

मी मनात म्हटलं, आज चुकून एक आकडा जास्त आला असेल.

मशीन न लावताच परत नेलं. वॉर्डात आले. तिथून पुढचे तीन आठवडे काहीच झालं नाही. या काळाला प्लॅटो म्हणतात, म्हणजे सपाट पठार: आजार वाढत नाही, उतरतही नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, आयसीयूपेक्षा हे दिवस जड जातात. आयसीयूत निदान भीती असते. इथे फक्त छत.

सासूबाई डबा घेऊन यायच्या. मला भरवताना एकच वाक्य बोलायच्या, "व्हईल गं बाय. नसा काय जल्माच्या गेल्या नाय हायेत." मी मान वळवायची. मला वाटायचं, यांना काय कळतंय. माझं सगळं ठरून गेलं होतं. 'माझे हात गेले. आता मी कधीच शिवणार नाही. सगळ्यांच्या अंगावर ओझं झाले. आणि हे माझ्यामुळेच झालं.' ही चार वाक्यं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसरं काही करताच येत नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट रोज हात-पाय हलवून द्यायची आणि म्हणायची, "आता तुम्ही प्रयत्न करा, फक्त अंगठा." मी करत नसे. होणारच नाही तर करायचं कशाला? एक दिवस तिने फाइलवर काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एक बाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. पन्नाशीच्या, साधा कुर्ता, गळ्यात चष्मा. हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञ, नीलिमा मॅडम.

मला राग आला. मी म्हटलं, माझ्या नसा सोलल्यात, डोकं नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नसांचं माझ्या हातात काही नाही. मी दुसरंच विचारायला आलेय. काल अंगठा हलला नाही. का हलला नाही?"

"कारण माझे हात गेलेत."

"कधीपर्यंत?"

"कायमचे."

"हे डॉक्टर म्हणाले?"

डॉक्टर असं म्हणाले नव्हते.

त्यांनी माझी ती चार वाक्यं माझ्याकडून वदवून घेऊन वहीत लिहिली. मग समजावलं. वाईट काही घडलं की प्रत्येक माणूस स्वतःला त्याचं कारण सांगतो, आणि कसलं कारण सांगायचं याची त्याला लहानपणापासून सवय लागलेली असते. याला एक्सप्लनेटरी स्टाईल म्हणतात, म्हणजे घडलेल्याचा अर्थ लावायची आपली ठरलेली पद्धत. त्यात तीन गोष्टी बघायच्या. हे किती काळ राहणार आहे असं आपण धरतो: आजपुरतं की कायमचं? किती ठिकाणी पसरलंय असं धरतो: एवढ्यापुरतं की सगळ्या आयुष्यात? आणि कोणामुळे: फक्त माझ्यामुळे, की इतरही कारणं आहेत?

"तुमच्या वाक्यांत 'कधीच' आहे, 'सगळ्यांच्या' आहे आणि 'माझ्यामुळेच' आहे," त्या म्हणाल्या. "तिन्ही. जो माणूस असं धरून चालतो, तो हात हलवायचा प्रयत्नच सोडतो. मग स्नायू आणखी आखडतात आणि त्याला वाटतं, बघा, मी म्हणत होतो तेच खरं."

"आणि एकोणीस?" त्यांनी विचारलं. फाइलमध्ये त्यांनी आकडे पाहिले होते. "श्वास वाढला तेव्हा काय वाटलं?"

मी सांगितलं, चुकून वाढला असेल.

त्या हसल्या नाहीत. "वाईट झालं तर कायमचं, आणि चांगलं झालं तर चुकून. हे दोन्ही एकाच सवयीचे भाग आहेत, वंदनाताई."

ही सवय आली कुठून, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला माझी आई आठवली. पेणला आमच्या घरात दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, "या घराला कधी काही लाभायचंच नाही." पाऊस चुकला, भावाची नोकरी गेली, कुकरची शिट्टी बिघडली, सगळ्याला तेच एक वाक्य. बिचारी दमलेली असायची. पण आम्ही ते ऐकतच मोठे झालो.

मी मॅडमना सरळ विचारलं, "म्हणजे मी चांगला विचार केला की हात हलणार?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी तसं सांगितलं तर ते खोटं होईल. नसांवरचं आवरण पुन्हा चढायचा वेग तुमच्या विचारांवर नाही. पण ते चढेपर्यंत तुम्ही व्यायाम करता का, जेवता का, झोपता का, हे त्यावर आहे. मला तुमच्याकडून गोड वाक्यं नको आहेत. खरी हवी आहेत."

काम काय दिलं? दिवसातून एकदा एक वाक्य पकडायचं आणि त्याच्याशी भांडायचं, जसं दुसऱ्या कुणी आपल्यावर खोटा आळ घेतला तर आपण भांडू. याला पुरावा काय? दुसरं काही कारण असू शकतं का? आणि समजा हे खरंच असेल, तर पुढे काय? शेवटचा प्रश्न असा: खरं असो-नसो, हे वाक्य आत्ता घोळवून माझं काही भलं होतंय का? मला लिहिता येत नव्हतं, म्हणून महेश संध्याकाळी एका वहीत लिहून घ्यायचा. त्याला सुरुवातीला ते वेडेपणाचं वाटलं. माझी वाक्यं लिहिताना मात्र एकदा त्याने पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे गेला. मी त्याच्या अंगावर ओझं आहे, हे वाक्य त्याला स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं होतं.

वाक्य पकडलं की त्यातला काळ तपासायचा, हे मला आपोआप सापडलं. 'अंगठा हलत नाही' आणि 'आज अंगठा हलला नाही' यांत शब्दांचा फरक थोडा आहे. पहिलं म्हटलं की दार लागतं. दुसरं म्हटलं की निदान उद्या विचारता येतं. मी दुसरं म्हणायला लागले. विश्वास नव्हता. तरी म्हणायची, आणि फिजिओ आली की अंगठ्याकडे बघून जोर लावायची. बारा दिवस काही नाही. मी रोज रडले. तेराव्या दिवशी अंगठा नाही, खांदा उचलला गेला. या आजारात धडाजवळचं आधी परततं, बोटं सगळ्यात शेवटी. अंगठ्यापासून सुरुवात करून मी उगाच स्वतःला नापास करत होते.

दीड महिन्याने व्हीलचेअरवर घरी आले.

घरी आल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. हॉस्पिटलात सगळेच आजारी असतात. घरी मी एकटी. तन्वी माझे केस विंचरायची, सासूबाई आंघोळ घालायच्या, आणि मी खुर्चीत बसून माझ्या मांडीवरचे माझेच हात बघायची. वही बंद पडली.

मग तन्वीचा गणिताचा पेपर आला. पंचवीसपैकी सात. तिने तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली,

"मला गणित येतच नाही, मम्मी. मी क्लास सोडते. आपल्या घरात कुणाचंच काही चांगलं होत नाही."

वाक्य माझं होतं. माझ्याही आधी माझ्या आईचं होतं. पेणहून पनवेलला आलं, आयसीयूत जाऊन आलं, आणि आता माझ्या लेकीच्या तोंडात बसलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसताही येत नव्हतं. हात गालापर्यंत पोचत नव्हता. त्या पूर्ण आजारपणात इतकी लाचार मी दुसऱ्या कुठल्या क्षणी नव्हते.

"येतच नाही म्हणजे?" मी कसंबसं म्हटलं. "सहावीत येत होतं ना?"

"तेव्हा सोपं होतं."

"पेपर उघड. चुकलेलं एक एक वाच."

तिने तोंड फुगवून वाचायला घेतलं. सात प्रश्न चुकले होते. मी प्रत्येकाला विचारलं, हे कधी शिकवलं? चार प्रश्न एकाच धड्यातले निघाले, बैजिक राशींच्या. तो धडा झाला तेव्हा ही शाळेत नव्हती. हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. एक प्रश्न वेळ संपल्यामुळे राहिला होता. उरलेले दोन?

तन्वीने पेपर जवळ ओढला. "हे मला येत होतं. घाईत चिन्ह चुकलं. हे माझंच."

"बरं, हे तुझं. आणि ते चार?"

"ते... शिकलेच नाही अजून."

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "आमी पन श्येत पयल्यांदा लावला तवा वाकडाच लावला व्हता. म्हून काय जल्मभर वाकडाच लावला?"

तन्वी रडता रडता हसली. मी हसले नाही. हॉस्पिटलात ही बाई हेच मला रोज सांगत होती आणि मी मान वळवत होते. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आई, माझी वही कुठाय?"

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नका. तन्वी पुढच्या चाचणीत चौदावर आली, पंचवीसवर नाही. आणि मला चौथ्या महिन्यात ताप आला. पाय पुन्हा कापसासारखे झाले, वॉकर हातातून सुटला, आणि सगळी जुनी वाक्यं धावत आली: उलटलं, परत पहिल्यापासून, आता कायमचंच. हॉस्पिटलात नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "आजार उलटलेला नाही. तापाने अशक्तपणा आलाय, दुरुस्त होत असलेल्या नसा लवकर थकतात." तरी मी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. चौथ्या दिवशी उठून बसले. आधी मला तिथून बाहेर यायला महिना लागला होता. सवय जात नाही, तिचा मुक्काम कमी होतो. निदान माझा अनुभव तेवढाच आहे.

आठव्या महिन्यात मी पायात घोट्याला आधार देणारे प्लॅस्टिकचे स्प्लिंट घालून, काठी धरून चालत होते. कप दोन्ही हातांनी धरता येत होता. सुई नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची चिमूट जुळत नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा झटक्यांची तपासणी केली आणि खुर्ची माझ्याकडे वळवून बोलले. "काही नसांत नुसतं आवरण नाही, आतली तारही तुटली होती. ती फार हळू वाढते. या हातात थोडी कमजोरी राहू शकते. कायमची. तुम्हाला हे सांगायला हवं."

हा शब्द मी आठ महिने स्वतःला विनापुरावा ऐकवत होते. आता तो पुराव्यासकट समोर आला होता. मी नीलिमा मॅडमकडे गेले आणि विचारलं, "आता याच्याशी कसं भांडू?"

"याच्याशी भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर 'राहू शकते' म्हणालेत. समजा राहिलीच. तर कुठे? चिमटीत. आणि कुठे नाही?"

मी एक एक आठवायला लागले. कापड बघून अंगाला काय बसेल, हे मला डोळ्यांनी कळतं. माप सांगता येतं. कात्री मोठी धरली तर चालते, वेडीवाकडी, पण चालते. मी हे सांगत होते आणि रडत होते. मॅडमनी रडू दिलं.

गेल्या महिन्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही अलिबागला सरकारी रुग्णालयात गेलो. महेशला वाटत होतं, एकदाच काय तो कायमचा दाखला मिळाला तर पुन्हा खेपा नकोत. बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. माझ्या शेजारी एक आजोबा होते, पाय गुडघ्यापासून नसलेले. ते महेशला त्यांच्या नातवाच्या क्रिकेटबद्दल सांगत होते. मला त्या बाकावर बसायचं नव्हतं.

आतल्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, रिपोर्ट वाचले, फॉर्म भरला. मग तो बाहेर टेबलावरच्या कारकून बाईंकडे आला. त्यांनी तो वाचला आणि जरा ओशाळून म्हणाल्या,

"ताई, तुमचा तात्पुरता दिलाय हां. दोन वर्षांचा. अजून सुधारणा होऊ शकते असं लिहिलंय साहेबांनी. म्हणजे तुम्हाला परत यावं लागेल, परत तपासणी, परत ही लाइन."

महेशने सुस्कारा टाकला. मी त्यांना म्हटलं, "तो शब्द कुठे लिहिलाय, दाखवता का?"

त्यांनी बोट ठेवलं. तात्पुरते. शिक्क्यासकट. हे काही वचन नव्हतं. दोन वर्षांनी त्याच टेबलावर दुसरा शब्द लिहिला जाऊ शकतो, आणि तो वाचायचं धैर्य माझ्यात असेल की नाही, ते मला आज माहीत नाही. सासूबाई, महेश, तन्वी, पापण्यांवर पट्टी लावणाऱ्या सिस्टर आणि खोटं न बोलणाऱ्या नीलिमा मॅडम यांच्याशिवाय तो कागद घ्यायला मी तिथे उभीच राहिले नसते.

"खूप त्रास आहे हो," कारकून बाई म्हणाल्या. "पण नियम आहे."

"असू दे," मी म्हटलं आणि कागद दोन्ही तळव्यांमध्ये धरून घेतला. "मी येईन परत."